शंभराचा दगड, साडेचाराचा डोंगर

श्रोते हो, नमस्कार.

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक दगड ठेवलेला आहे. गोल, लांबट, काळा, मोडलेल्या मुसळाच्या तुकड्यासारखा. डोंगराला भोक पाडून आतून काढलेला हा बेसाल्ट. आम्ही त्याला कोअर म्हणतो. ह्याचा जुळा भाऊ प्रयोगशाळेत दाबून फोडला, तेव्हा तो शंभर मेगापास्कलला फुटला. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक टन वजन झेललं आणि मगच त्यानं जीव सोडला. ‘डोक्यात दगड भरलेत’ ही आपल्याकडे शिवी का आहे, मला कधी कळलं नाही. असो.

आज सांगायचं ते हे, की दगडाची ताकद वेगळी आणि डोंगराची ताकद वेगळी. पुन्हा सांगतो, दगडाची वेगळी, डोंगराची वेगळी. आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज काढायची एक रीत आहे.

ही रीत मला पुस्तकात कळली नाही. ती कळली सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्यावर, आणि तो किस्सा मी लग्नाच्या पंगतीतही सांगितलेला आहे, तेव्हा घरच्यांनी आता रेडिओ बंद केला तर माझी हरकत नाही.

घाटात डोंगर कापून रस्ता रुंद करायचा होता. कापाची उंची चोवीस मीटर, आठ मजली इमारतीएवढी. मी नवा होतो, नोकरीत आणि मिशीतही. प्रयोगशाळेचा कागद हातात, त्यावर शंभराचा आकडा. मी तिथंच गणित मांडलं. चोवीस मीटर दगडाच्या पायथ्याशी त्याच्याच वजनाचा दाब येतो साधारण ०.६५ मेगापास्कल. दगड झेलतो शंभर. म्हणजे दीडशे पट सुरक्षित! मी तर पुढं जाऊन हिशेब केला की ह्या दगडाचा सरळ कडा साडेतीन किलोमीटर उंच उभा राहील. कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हे मी मोठ्यानं बोललो, हीच चूक झाली.

भोक पाडणाऱ्या यंत्रावर एक मिस्त्री होते. कोकणातले, साठीकडे झुकलेले, बोलायला मोजके. त्यांनी तंबाखू मळता मळता मला बोलावलं. “साहेब, जरा पेटीपाशी या.”

कोअरची पेटी म्हणजे लाकडी खोका, आत लांब लांब खण, त्यांत खोलीच्या क्रमानं नमुने मांडलेले असतात. त्यांनी एका खणावर बोट ठेवलं. मधे एक जागा रिकामी होती. तिथला वीतभर धड तुकडा मीच उचलून प्रयोगशाळेत पाठवला होता. त्याच्या अलीकडे-पलीकडे काय होतं? सुपारीएवढे खडे, गंजलेल्या कडांचे चपटे तुकडे, आणि एका जागी नुसता पिवळट गाळ.

मिस्त्री म्हणाले, “वर्गातला पहिला नंबर तुम्ही तालुक्याला दाखवायला नेलात. बाकीचा वर्ग हा इथं बसलाय.”

मग त्यांनी सिमेंटची रिकामी गोणी घेतली, तीत पोरांकडून बारीक खडी भरून घेतली, तोंड आवळून सुतळीनं करकचून बांधलं आणि गोणी उभी केली. म्हणाले, “चढा वर.” चढलो. गोणी हूं की चूं नाही. मग त्यांनी खाली वाकून विळ्यानं गोणीची एक बाजू टराटरा फाडली. मी खडीसकट जमिनीवर. पोरं हसली. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, “खडी तीच हाय साहेब. फक्त धरून ठेवणारं गेलं.”

श्रोते हो, ती फाटलेली गोणी म्हणजेच आजचं भाषण.

डोंगर हा अखंड दगड नसतो. त्याला सांधे असतात, म्हणजे आरपार गेलेल्या फटी. बेसाल्टचा लाव्हा थंड होताना आकसला तेव्हाच त्या पडल्या. त्यामुळे डोंगर म्हणजे एकमेकांत अडकलेल्या ठोकळ्यांचा ढीग. चोहोबाजूंनी दाब असला तर ठोकळे हलू शकत नाहीत आणि ढीग दगडासारखा वागतो. बाजूचा दाब काढला की तोच ढीग सैल होतो. आणि रस्त्यासाठी डोंगर कापणं म्हणजे काय? बाजूचा दाब काढणं. गोणी फाडणं.

ह्याला सूत्रात बसवलं एव्हर्ट हूक आणि एडविन ब्राउन ह्या दोघांनी, १९८० साली. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पहिला, धड दगड किती दाबाला फुटतो? आमच्याकडे शंभर. दुसरा, दगडाची जात कोणती, म्हणजे त्याचे कण एकमेकांत किती गुंतलेले? त्याचा तक्त्यातला आकडा बेसाल्टसाठी पंचवीसच्या आसपास. तिसरा, आणि हाच खरा, डोंगर किती फुटलेला आहे? त्यासाठी पुढं जीएसआय नावाचा शून्य ते शंभरचा आकडा आला. तो यंत्रानं मोजत नाहीत, डोळ्यांनी ठरवतात. ठोकळे किती घट्ट बसलेत ते बघायचं, आणि फटीच्या तोंडावर हात फिरवून बघायचं की ती खरखरीत आहे, गंजलेली आहे, की चिखलानं माखून गुळगुळीत झाली आहे. हल्ली मोबाइलवर आलेला फोटो बघून ऑफिसातून ४३.७ असा जीएसआय लिहिणारे मी पाहिलेत. दशांश चिन्हासकट! चहाचा कपही न हलवता.

आम्ही मिस्त्रींसोबत कापावर फिरलो आणि पंचेचाळीस धरला. सूत्रात घातला. बाजूनं काहीच दाब नसताना डोंगराची ताकद आली साडेचार मेगापास्कल. दगड शंभराचा, डोंगर साडेचाराचा. परत सांगतो, दगड शंभराचा, डोंगर साडेचाराचा. जीएसआय दहानं चुकून पस्तीस धरला असता तर साडेचाराचे जवळजवळ अडीच झाले असते. म्हणून तो फोटोवरून ठरवायचा नसतो.

आता ह्या सूत्राची गंमत त्याच्या वळणात आहे. बाजूचा दाब शून्य, तेव्हा ताकद साडेचार. बाजूनं एकच मेगापास्कल दाब दिला, म्हणजे जवळपास चाळीस मीटर दगडाच्या थराच्या वजनाएवढा, की ताकद एकदम वीसवर जाते. दुसरा मेगापास्कल दिला की अठ्ठावीस. तिसरा दिला की पस्तीस. पाहा, पहिल्याला पंधरा वाढले, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला सात. आलेख सरळ रेषेत जात नाही. सुरुवातीला कड्यासारखा चढतो आणि मग पठारावर आल्यासारखा कलत जातो. वळणाला महत्त्व एवढ्यासाठी, की खोलवरचे आकडे घेऊन कुणी पट्टीनं सरळ रेघ मागं ओढली, तर ती शून्य दाबाला चौदावर पोचते. खरी ताकद साडेचार, पट्टी सांगते चौदा. आणि कापलेली दरड उभी असते ती नेमकी त्या शून्याच्या टोकाला.

हे सूत्र कुठल्या थोर सिद्धांतातून उतरलेलं नाही, बरं का. आकडे जुळवून, करून बघत बसवलेलं आहे. फुटक्या डोंगराच्या मोजमापाचा आधार सुरुवातीला मुख्यतः एकाच खडकाचा होता. पापुआ न्यू गिनीत बोगनव्हिल बेटावर पांगुना नावाची तांब्याची खाण, तिथला अँडेसाइट. तिथून सहा इंच जाडीचे, सांध्यांसकट धड बाहेर काढलेले नमुने ऑस्ट्रेलियात जॉन येगर ह्यांनी दाबून पाहिले. अखंड दगड २६५ मेगापास्कलचा. त्या नमुन्यांवरून हूक आणि ब्राउननी बसवलेल्या आकड्यांत बाजूच्या दाबाशिवाय उरतात चारही नाहीत. तुमच्या-आमच्या घाटातल्या गणिताची नाळ त्या दूरच्या बेटाशी जोडलेली आहे.

तर परत घाटात. साडेचार भागिले ०.६५, म्हणजे सात पट. हिशेब ढोबळ होता, पण मी खूश. दीडशेवरून सातवर उतरलो तरी सात पुष्कळ. मिस्त्रींनी मला कापाच्या समोर उभं केलं आणि विचारलं, “नळे दिसतात का?”

सुरुंग नीट उडवला असेल, तर भोकाचा अर्धा भाग कड्यावर राहतो. उभ्या अर्ध्या नळ्यांच्या रांगा दिसतात, बांबू मधोमध चिरून भिंतीला लावावेत तशा. इथं एकही नळा शिल्लक नव्हता. ठेकेदाराला घाई होती, दारू जास्त भरली होती. नुसता कडा पडला नव्हता, उरलेला कडाही आतून खिळखिळा झाला होता. हूकनी २००२ साली सूत्रात ह्यासाठीच शून्य ते एक असा नुकसानीचा आकडा घातला. मी आधी शून्य धरला होता. एक धरला, आणि साडेचाराचे झाले ०.९५. आता भागाकार केला तर सात पट नाही, जेमतेम दीड पट.

दीडशे, सात, दीड. डोंगर तोच, कागद तोच.

इथं एक सावधगिरी सांगून ठेवतो. हा नुकसानीचा आकडा सुरुंगानं हललेल्या बाहेरच्या पट्ट्यालाच लावायचा. सगळ्या डोंगराला लावला तर डोंगर उगाच कागदावर कोसळतो आणि भलताच खर्च होतो. आम्ही बाहेरच्या थराला एक धरला, आतल्याला शून्य, उतार कमी केला, मधे एक पायरी सोडली. वरिष्ठांनी कुरकुरत सही केली.

आणि जुलैत दरड पडली.

पायरीच्या वरचा एक तुकडा, ट्रकएवढा, पहाटे रस्त्यावर आला. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. (घाटात जाळीखाली गाडी थांबवून धबधब्यासोबत फोटो काढणारे श्रोते ऐकत असतील, तर त्यांनी हे वाक्य परत ऐकावं.) मी गणित दहादा तपासलं. गणित बरोबर होतं. पडलेल्या जागेपाशी गेलो, तर खाच पाचरीच्या आकाराची, दोन्ही बाजू सपाट आणि चिखलानं गुळगुळीत. दोन मोठे सांधे तिरके येऊन एकमेकांना छेदत होते, त्यांची छेदरेषा रस्त्याकडे उतरत होती, आणि पावसाचं पाणी शिरल्यावर मधली पाचर घसरली. ठोकळ्यांचा ढीग दबून फुटला नव्हता. एकच ठोकळा निसटला होता.

हूक-ब्राउनचं सूत्र हे सांगतच नाही. ते धरून चालतं की फटी पुष्कळ आहेत, सगळ्या दिशांना आहेत, आणि कापाच्या मानानं ठोकळे लहान आहेत. गोणीत खडी हवी. गोणीत दोनच धोंडे असतील तर खडीचं गणित लागत नाही. तिथं त्या दोन सांध्यांचे उतार आणि दिशा मोजून घसरण्याचा वेगळा हिशेब करावा लागतो.

मिस्त्री छत्री धरून शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. मी वही उघडली. त्या दोन्ही सांध्यांची दिशा आणि उतार मी मेमध्येच होकायंत्रानं मोजून लिहून ठेवले होते, माझ्याच अक्षरात. जीएसआयचं पान होतं, त्याच्या मागच्या पानावर.