डिले मागच्या जॅकमध्ये का?

आत्ता मी एकच डिले पेडल दोनदा वाजवला. आधी गिटार आणि ॲम्पच्या मध्ये, मग ॲम्पच्या मागच्या सेंड-रिटर्नमध्ये. पहिल्या वेळी चिखल झाला, दुसऱ्या वेळी प्रत्येक प्रतिध्वनी सुटा ऐकू आला. हे का झालं, ते आकड्यांत बघू.

डिस्टॉर्शन चॅनलचा प्रीॲम्प ठरावीक उंचीवरचा सिग्नल कापतो. ती उंची एक धरा. तुम्ही छेडलेला सूर दहा आहे. डिले पुढे असेल तर त्याचे प्रतिध्वनी पाच, अडीच, सव्वा असे निम्मे होत प्रीॲम्पमध्ये शिरतात. पण एकाच्या वरचं सगळं कापलं जातं, म्हणजे दहाही एक, पाचही एक, सव्वासुद्धा एक! विरत जायला हवा तो आवाज विरतच नाही. त्यात तुम्ही पुढचा कॉर्ड वाजवता, तो जुन्या प्रतिध्वनीत मिसळून एकत्रच कापला जातो. तोच तो चिखल.

सेंड-रिटर्नची ही जोडी म्हणजेच लूप. तो प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मध्ये असतो. सूर आधी कापला जातो, प्रतिध्वनी नंतर तयार होतात, आणि निम्मा खरोखर निम्माच राहतो. रिव्हर्बचंही तसंच. वा-वा आणि ओव्हरड्राइव्ह पेडल मात्र पुढेच ठेवा. त्यांना प्रीॲम्पला ढकलायचं असतं.

आता लेव्हल, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. मागे +4 आणि −10 असं बटण असेल, तर +4 म्हणजे साधारण सव्वा व्होल्ट आणि −10 म्हणजे त्याचा जेमतेम पाव हिस्सा. रॅकमधल्या यंत्राला +4 मानवतं, पायाखालच्या पेडलला सहसा −10. बटण नसेल तर चॅनलचा व्हॉल्यूम कमी करा आणि मास्टर वाढवा. बहुतेक ॲम्पमध्ये पहिला लूपच्या आधी असतो, दुसरा नंतर. सेंड जास्त झाल्याची खूण अशी: क्लीन चॅनलवर जोरात छेडलं की प्रतिध्वनीला चरचर येते. मग पेडल काढा आणि सेंडपासून रिटर्नपर्यंत साधी छोटी केबल लावून आवाज लक्षात ठेवा. पेडल परत लावून मिक्स शून्यावर आणा. आवाज तेवढाच आला, तर लेव्हल जुळली.

त्या केबलचा आणखी एक उपयोग. ॲम्पचा आवाज मध्येच बसत असेल आणि ही केबल लावताच सुधारला, तर रिटर्न जॅकचा आतला संपर्क गंजलाय. तो साफ करा, व्हॉल्व्ह बदलायची घाई नको.

लूप सगळीकडे जिंकत नाही. क्लीन आवाजावर पुढे-मागे फारसा फरक पडत नाही. आणि जुन्या धाटणीचा ॲम्प फुल्ल करून पॉवर व्हॉल्व्हमधून डिस्टॉर्शन काढत असाल, तर कापाकापी लूपच्या नंतर होते. तिथे लूपमधला डिलेही पुढच्या डिलेसारखाच चिखल करतो.