मिथेन, रॉकेल आणि मेण : ज्योतीच्या आत जन्मणारी काजळी

श्रोतेहो, नैसर्गिक वायूतील मिथेन सहसा काजळी न धरता जळतो, मेणबत्तीची ज्योत पिवळी असते आणि रॉकेलच्या दिव्याची वात जरा जास्त वर केली की काच काळी होते. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की, रेणूतील कार्बनची साखळी जितकी लांब तितका त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, तो पुरत नाही आणि न जळलेला कार्बन काजळीच्या रूपाने उरतो. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि ते कुठे अपुरे पडते हे साध्या हिशेबाने दिसते.

मिथेनच्या एका रेणूला पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे २ रेणू लागतात, प्रोपेनला ५ आणि मेणातील २५ कार्बनांच्या रेणूला ३८. आकडे झपाट्याने वाढतात हे खरे, पण रेणूही तेवढाच जड होत जातो. हाच हिशेब वजनाने केला तर एक ग्रॅम मिथेनला ४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि एक ग्रॅम मेणाला सुमारे साडेतीन ग्रॅम. म्हणजे वजनाच्या मानाने मेणाची गरज उलट कमी आहे. कार्बनचे प्रमाण पाहिले तर ते मिथेनमध्ये ७५ टक्के, स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन आणि ब्युटेन यांमध्ये ८२ ते ८३ टक्के आणि मेणात सुमारे ८५ टक्के आहे. गॅस आणि मेण यांच्यातील दोन-तीन टक्क्यांच्या या फरकातून काजळीतील एवढा मोठा फरक निघणार नाही. म्हणून किती ऑक्सिजन लागतो यापेक्षा, ऑक्सिजन भेटण्याआधी इंधनाच्या रेणूचे काय होते, हा प्रश्न विचारायला हवा.

मेणबत्तीची ज्योत बारकाईने पाहा. वातीभोवती काळपट भाग असतो, त्याच्यावर झगझगीत पिवळा भाग आणि तळाशी निळसर कड. वितळलेले मेण वातीतून वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ काळपट भागात साठते. ज्वलन मात्र ज्योतीच्या बाहेरच्या पातळ थरात होते, कारण हवा तिथेच पोहोचते. आतली वाफ त्या थराच्या उष्णतेने तापत राहते, पण तिला ऑक्सिजन जवळजवळ मिळत नाही. मायकेल फॅरडे यांनी आपल्या व्याख्यानांत काचेची नळी काळपट भागात धरून ही वाफ बाहेर आणली होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती पेटवून दाखवली होती. तीच नळी पिवळ्या भागात धरली की तिच्यातून काळा धूर येतो. वाफेचे काजळीत रूपांतर या दोन जागांच्या मधल्या काही मिलिमीटरांत होते.

त्या अंतरात रेणू तुटतो. लांब साखळीतील कार्बन-कार्बन बंध हा तिचा दुबळा दुवा आहे. तो तोडायला दर मोलमागे साधारण ३५० ते ३७० किलोज्यूल लागतात. मिथेनमध्ये असा बंध एकही नाही. त्याचा कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे ४४० किलोज्यूल लागतात, त्यामुळे तो बराच वेळ तग धरतो. मेणाची साखळी मात्र एकदा तुटली की तिचे तुकडे पुढे पुन्हा तुटत जातात आणि एथिलीनसारखे दोन कार्बनांचे रेणू भराभर बाहेर पडतात. एथिलीनमधून हायड्रोजन निघून गेला की ॲसिटिलीन उरते, आणि काजळीचे मुख्य बांधकामसाहित्य तेच. मिथेनला इथपर्यंत पोहोचायचे तर आधी आपला एक हायड्रोजन गमवावा लागतो, मग दोन उरलेले तुकडे एकमेकांना भेटून एथेन व्हावे लागते आणि त्यानंतर पुढचा प्रवास. लांब साखळीत कार्बन आधीपासूनच जोडलेले असतात; मिथेनला ते ज्योतीत जोडावे लागतात, आणि तेवढ्या वेळात बहुतेक मिथेन हवेपर्यंत पोहोचून जळून जातो.

ॲसिटिलीनसारख्या लहान तुकड्यांपासून बेंझिनचे षट्कोनी कडे तयार होते, त्याला आणखी कडी चिकटत जातात, मोठी चपटी कडी एकमेकांवर साचून कण बनतात आणि कणांच्या पृष्ठभागावर पुन्हा ॲसिटिलीन येऊन बसते. असे गोल कण काही दशक नॅनोमीटरचे झाले की एकमेकांना चिकटून त्यांच्या माळा होतात. हेच कण तापून प्रकाश देतात. मेणबत्तीचा पिवळा उजेड म्हणजे काजळीचाच उजेड.

म्हणजे काजळी होणे आणि धूर निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांत हवेतील मेणबत्तीत काजळी सतत तयार होते, पण बाहेरच्या थरातून जाताना ती जळून जाते. पिवळ्या भागात थंड बशी धरली तर तिच्यावर लगेच काळा डाग पडतो. टोकाच्या बरीच वर धरली तर फारसे काही दिसत नाही. वात फार लांब झाली किंवा वाऱ्याने ज्योत फडफडली की हा समतोल ढळतो. काजळीचे कण जास्त झाले की त्यांच्या उजेडाबरोबर ज्योतीची उष्णताही बाहेर जाते, टोक थंड होते आणि तापमान सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की काजळी जळणे जवळपास थांबते. तेव्हा धूर दिसतो. मेणबत्ती विझवल्यावर निघणारी पांढरी रेघ मात्र काजळी नव्हे, ती गोठलेली मेणाची वाफ असते.

आता रॉकेल. त्याची साखळी मेणापेक्षा आखूड, साधारण १० ते १६ कार्बनांची. साखळीच्या लांबीवरच सगळे ठरत असते तर रॉकेलने मेणापेक्षा कमी काजळी धरायला हवी होती, पण अनेकदा उलट घडते. याचे कारण रॉकेलमध्ये सरळ साखळ्यांखेरीज फांद्या फुटलेले रेणू आणि बेंझिनच्या जातीचे कडेदार रेणूही असतात. कडेदार रेणूंना काजळीच्या वाटेवरची अवघड पहिली पायरी चढावीच लागत नाही, ती कडी त्यांच्यात तयारच असते. उलट सरळ साखळी एका मर्यादेपलीकडे कितीही लांब केली तरी फरक थोडाच पडतो, कारण २० कार्बनांची काय आणि ३० कार्बनांची काय, दोन्ही तुटून शेवटी एथिलीनच देतात. म्हणून मिथेन आणि प्रोपेन यांच्यातला फरक मला रॉकेल आणि मेण यांच्यातल्या फरकापेक्षा जास्त अर्थपूर्ण वाटतो.

रॉकेलची ही प्रवृत्ती मोजण्याची पद्धत सुरेख आहे. ठराविक मापाच्या दिव्यात ते जाळतात, वात हळूहळू वर करतात आणि धूर न निघता ज्योत जास्तीत जास्त किती उंच राहते ते मिलिमीटरमध्ये नोंदवतात. हा त्या इंधनाचा धूरबिंदू. उंची जितकी जास्त तितके इंधन स्वच्छ. रॉकेलच्याच जातीच्या विमान इंधनासाठी सर्वसाधारण अट किमान २५ मिलिमीटरची असते. बेंझिनच्याच जातीचे शुद्ध टोल्युइन मात्र ७ मिलिमीटरच्या आसपासच धूर सोडू लागते.

तरीही इंधनाचा स्वभाव हा अर्धाच भाग झाला. तेच रॉकेल पंपाच्या स्टोव्हमध्ये निळ्या ज्योतीने जळते, कारण तिथे ते तापलेल्या नळीत वाफ होऊन बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडते आणि ज्वलनाआधीच हवा ओढून घेते. तुटलेल्या तुकड्यांना ॲसिटिलीन जमवायला सवडच मिळत नाही, ऑक्सिजन त्यांना आधी गाठतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या बर्नरमध्येही हेच तत्त्व आहे. म्हणून बर्नरच्या ज्योतीची टोके पिवळी होऊ लागली आणि भांड्याचे बूड काळे पडू लागले, तर दोष बहुधा गॅसचा नसतो. हवा आत घेणारी फट कचऱ्याने भरली आहे का, आणि बर्नरची छिद्रे अन्न उतू जाऊन बुजली आहेत का, हे आधी पाहावे. नैसर्गिक वायूची हवा अशीच अडली तर त्याचीही ज्योत पिवळी होते, पण त्याच उंचीच्या ज्योतीत प्रोपेन-ब्युटेन जितकी काजळी धरतात, तितकी मिथेन धरत नाही.