मिसळीचं घड्याळ

आज फक्त मिसळीबद्दल बोलतो, कारण पुण्यातल्या पेठांमध्ये कोण कधी खातं हे समजून घ्यायला मिसळीइतकी सोपी वाट मला तरी दुसरी सापडलेली नाही. बाहेरून आलेली मित्रमंडळी दुपारी अडीचला पेठेत मिसळ शोधत फिरतात आणि "संपली" ऐकून वैतागतात, पण ती का संपते हे एकदा कळलं की पेठेची अख्खी सकाळच कळते.

रविवारी सकाळी तुमच्या पुढ्यात जी प्लेट येते ना, तिची सुरुवात शुक्रवारी रात्री झालेली असते. मटकी शुक्रवारी रात्री भिजत पडते, शनिवारी सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधतात, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच मोड दिसायला लागतात पण डिसेंबरात रविवारची पहाट उजाडते, आणि थंडी जास्त असेल तर मालक ते गाठोडं चुलीच्या जवळ उबेला ठेवतो. मोड आले की थांबता येत नाही हो, आणखी बांधून ठेवली तर मटकी चिकट होते, आंबूस वास येतो. म्हणजे रविवारी किती प्लेटी जाणार हे शुक्रवारीच ठरवायचं, आणि ऐन वेळी गर्दी वाढली म्हणून मटकी वाढत नाही. बाराच्या आसपास पातेलं रिकामं झालं तर त्यात पुणेरी खाक्या वगैरे काही नाही, मटकीचा हिशोब आहे तो.

दुसरी गोष्ट रश्श्याची, आपण ज्याला सॅम्पल म्हणतो. कांदा आणि सुकं खोबरं भाजून त्याचं वाटण, ते तेलात नीट परतायचं, मसाला, मग पाणी, आणि उकळी बसली की तेल सुटून वर लाल तर्री येते. हा रस्सा सकाळी आठ ते अकरा एकदम जमून असतो. नंतर तो गॅसवर उकळतच राहतो, वाटण तळाला लागायला लागतं, रस्सा दाट होतो, मग कोणीतरी तांब्याभर पाणी ओततं, आणि तिखट तेवढं राहतं पण भाजल्या खोबऱ्याची चव जाते. ओळखायचं कसं? वाटीतला रस्सा चमच्याने हलवून क्षणभर थांबा. तर्री परत वर जमली तर ठीक, सगळं एकजीव तांबूस पाणी दिसलं तर उशीर झालाय. आणि फरसाण आधीच घालून ठेवलेल्या प्लेटी ओळीने मांडलेल्या दिसल्या तर मी सरळ बाहेर पडतो!

आता ही तर्रीची कसोटी सगळीकडे लावायला जाऊ नका. फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह १९१२ पासूनचं, तिथल्या मिसळीत कांदा-लसूण नाही, लाल तिखट नाही, हिरवी मिरची आणि आलं यावर ती उभी आहे. तिथे लाल तवंग शोधणं म्हणजे ती मिसळ समजलीच नाही. नारायण पेठेत बेडेकरांकडे रश्श्याला गोडसर अंग असतं, तिखट किती हवं ते सांगायचं, आणि सोबत पावाऐवजी स्लाइस येतात. प्लेटीत मटकीबरोबर पोहे आणि बटाट्याची भाजी असणं ही पेठेची खूण, आणि मला ती मनापासून आवडते, कारण पोहे रस्सा धरून ठेवतात आणि तिखटाच्या मध्ये जिभेला जरा टेकायला जागा मिळते. कोल्हापूरचा माणूस याला मिसळ म्हणायलाच तयार होत नाही, त्याला तर्रीचा झटका हवा असतो, आणि तो त्याच्या जागी बरोबरच आहे.

मग ही वेळ कोणाची? मंडई पहाटेच जागी होते, तिथला माणूस सकाळी नऊला दणकून खातो, लक्ष्मी रोडची दुकानं त्यानंतर उघडतात, त्यामुळे तिथली मंडळी मिसळ खाऊनच शटर वर करतात. दुपारी पेठ घरी जेवते, किंवा टिळक रोडवरच्या बादशाहीसारख्या बोर्डिंगात, आमटी-भात-पोळी. शिकायला आलेल्या पोरांचं जेवण तिथे कित्येक वर्षं झालंय. दुपारी एक ते चार पेठेत खाण्याचं फार काही शोधूच नये. या वेळात नदीपलीकडे डेक्कनला जा, गुडलक १९३५ पासून आहे, इराणी हॉटेलाला वेळेचं असं बंधन नसतं, बनमस्का आणि चहा दुपारीही मिळतो, कारण तिथे मोड आणायचे नसतात, बन बेकरीतून येतो आणि चहा दिवसभर होत राहतो.

चारनंतर पेठ पुन्हा खायला बाहेर पडते, पण तेव्हा बटाटेवडा, भेळ, उन्हाळ्यात मस्तानी. संध्याकाळी सहाला कुठे मिसळीची पाटी दिसली तर एकच विचारा, मटकी ताजी की सकाळची उरलेली, आणि उत्तर यायला वेळ लागला तर वडा मागवा.