युरो किती, फ्रँक किती, कार्डावर किती

नमस्कार मंडळी. परवा राजारामपुरीतले एक काका-काकू माझ्याकडे आले होते. दोघं पहिल्यांदाच युरोपला निघालेत, चौदा दिवसांसाठी. काकांनी विचारलं, "रोख किती टक्के आणि कार्डावर किती टक्के?" मी म्हटलं, टक्के बाजूला ठेवू, आधी वही काढा. कुठल्या देशात किती दिवस आणि कुठला खर्च कशानं द्यावा लागणार, हे लिहिलं की उत्तर त्या वहीतच सापडतं.

विमान, रेल्वे आणि हॉटेलांचे पैसे त्यांनी इथूनच भरलेले होते. उरलं जेवणखाण, शहरातली बस-मेट्रो, तिकिटं आणि थोडी खरेदी. स्वित्झर्लंडमध्ये चार दिवस, मग पॅरिस आणि इटली मिळून दहा दिवस. दोघांचा रोजचा अंदाज आम्ही स्वित्झर्लंडसाठी दीडशे फ्रँक आणि बाकी ठिकाणी एकशेदहा युरो धरला. म्हणजे एकूण ६०० फ्रँक आणि ११०० युरो.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. "युरोपला चाललोय" म्हणून सगळे पैसे युरोतच भरून घेतात. पण स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आहे. निघण्यापूर्वी परकी चलन भरून न्यायचं जे फॉरेक्स कार्ड असतं, त्यावर फक्त युरो असतील आणि तुम्ही ल्युसर्नमध्ये ते स्वाइप केलंत, तर कार्ड युरोचे फ्रँक करतं आणि त्यावर बहुधा साडेतीन टक्क्यांच्या आसपास शुल्क लावतं. पाचशे फ्रँकवर सतरा-साडेसतरा फ्रँक असेच गेले. म्हणून अनेक चलनांचं कार्ड घ्या आणि त्यात फ्रँक वेगळे, युरो वेगळे भरा. काकांच्या कार्डावर आम्ही ५०० फ्रँक आणि ९५० युरो घातले.

आता रोख. सार्वजनिक स्वच्छतागृह, बाजारातला फळवाला, छोटी बेकरी, इटलीत काही हॉटेलं मुक्कामाचा शहर-कर रोख मागतात, तो. या सगळ्याला दिवसाला पंधरा युरो पुरतात. दहा दिवसांचे दीडशे झाले. कार्ड हरवलं किंवा मशीननं गिळलं तर दुसरी सोय होईपर्यंत एक दिवस तरी निघावा, म्हणून ११०० च्या वर आणखी दीडशे. एकूण ३०० युरो आणि १०० फ्रँक, सगळे सुट्या नोटांत. शंभर-दोनशेची नोट छोटा दुकानदार घेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका प्रवासात माणशी तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, पण नेता येतात म्हणून नेऊ नका. नोटांचा दर सहसा कार्डापेक्षा महाग पडतो, आणि खिसा मारला गेला की ते पैसे परत येत नाहीत.

मग क्रेडिट कार्ड कशाला? त्याचा परदेशातला अधिभार बहुधा जीएसटीसकट चार टक्क्यांच्या वर जातो, म्हणून रोजच्या जेवणाला ते वापरू नये. पण हॉटेलात चेक-इन करताना ते हवंच. हे मी स्वतः भोगलंय. एका हॉटेलात काउंटरवर मी फॉरेक्स कार्ड पुढे केलं. त्यांनी अनामत म्हणून दोनशे फ्रँक अडकवून ठेवले. बिल चुकतं करून निघालो, तरी ते मोकळे झाले ते मी कोल्हापुरात परतल्यावर. पैसे माझेच, पण प्रवासात मला वापरता येईनात. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम अडकली तर मर्यादेचा थोडा भाग अडकतो, हातातला पैसा अडकत नाही. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून ठेवा, कारण २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठीच चालू होऊन येतं. आणि त्यावर एटीएममधून रोख काढू नका, त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं.

एक गोष्ट काकूंना मी दोनदा सांगितली. क्रेडिट कार्ड दिल्यावर मशीन विचारतं, रुपयांत द्यायचे की युरोत? रुपये ओळखीचे वाटतात, बोट तिकडेच जातं. पण तिथला रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच वाईट असतो. तिथलंच चलन निवडा. फॉरेक्स कार्डावरही हेच, कारण तिथे रुपये दाबले तर कार्ड पुन्हा चलन बदलतं आणि शुल्क दोनदा बसतं.

फॉरेक्स कार्डाबरोबर बहुधा एक जादा कार्ड मिळतं. ते काकूंच्या पर्समध्ये, पहिलं काकांच्या पाकिटात. रोखीचेही असेच दोन भाग करा.

स्वित्झर्लंड सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी उरलेली फ्रँकची नाणी मोजा आणि शेवटच्या जेवणात खर्चून टाका. इथे परतल्यावर नोटा बदलून मिळतात, नाणी कोणी घेत नाही.