दोन मिनिटांत सोलं

[दृश्य: पडवी, बाहेर पाऊस. लॅपटॉपवर रातांबे फोडणारे हात.]

हे वेंगुर्ल्याच्या अलीकडचं गाव आणि ही काकूंची पडवी. बाहेर धो धो पाऊस चाललाय आणि लॅपटॉपमधे मात्र मे महिना आहे. बचत गटातल्या बायकांनी सीझनमधे कोकमाची फळं म्हणजे रातांबे फोडताना, त्यांच्या साली म्हणजे सोलं वाळत घालताना, त्यांचा रस म्हणजे आगळ बाटल्यांत भरताना आपापल्या मोबाईलवर जे जमेल ते शूट करून ठेवलं, त्या 23 क्लिप, सगळ्या मिळून 41 मिनिटं. यातून दोन मिनिटांचा प्रोमो करायचाय, सोलं आणि आगळ विकायला. नवीन काही शूट करता येणार नाही, कारण रातांबा आता पुढच्या उन्हाळ्यातच पिकणार. म्हणजे जे आहे त्यावरच निवेदन लिहून बोलायचं.

[दृश्य: वही. चार रकाने आखलेत.]

स्क्रिप्टचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी ही वही. क्लिपचा नंबर, कामाची सेकंदं किती, काय दिसतं, आणि आवाज कसा आहे. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. वाळवणाची क्लिप दिसायला झकास, पण वाऱ्याने माईक नुसता घोंघावतोय, तिचा आवाज बंदच ठेवायला लागणार. रातांबे फोडतानाचा तो पचक् आवाज मात्र एकदम स्वच्छ आलाय, त्यावर आपण बोलायचं नाही. 41 मिनिटांतून खरोखर वापरता येईल असं निघालं साडेतीन मिनिटं.

[दृश्य: मोबाईलवर स्टॉपवॉच, कागद हातात.]

आता हिशोब. कुठलाही मजकूर 60 शब्दांचा घ्या, नेहमीच्या आवाजात वाचा आणि घड्याळ लावा. मला बरोबर 30 सेकंद लागली, म्हणजे सेकंदाला दोन शब्द. दोन मिनिटं म्हणजे 240 शब्द असं वाटतं ना, तिथेच गडबड होते. सुरुवातीची 5 सेकंद नुसता फोडण्याचा आवाज हवा, सोलकढीच्या शॉटला 6 सेकंद गप्प, मधेमधे श्वासाला आणि चित्र बदलायला 14, आणि शेवटी बाटली नि फोन नंबर वाचायला 5. ही 30 गेली. उरली 90, म्हणजे 180 शब्द, बस्. माझा पहिला खर्डा होता 310 शब्दांचा. तो दोन मिनिटांत बसवायचा तर आकाशवाणीच्या बातम्यांपेक्षा जोरात पळायला लागलं असतं.

आणि स्क्रिप्टमधे आकडे आकड्यात लिहायचे नाहीत. 750 मिली हे कागदावर एवढंसं दिसतं, तोंडाने मात्र सातशे पन्नास मिलिलिटर म्हणावं लागतं. अक्षरी लिहिलं की शब्द मोजताना फसत नाही.

[दृश्य: क्लिप 4. हात, फुटलेला रातांबा, ओघळणारा रस. परत परत तीच आठ सेकंदं.]

ही सगळ्यात जोरदार क्लिप, 8 सेकंदांची. यावर मी आधी लिहिलं होतं: "आमच्या ताई पहाटे उठून परसातले ताजे रातांबे फोडतात आणि त्यातला लालभडक रस भांड्यात काढतात." 14 शब्द, 7 सेकंद. बसतंय की. पण लावून बघितलं तर काहीतरी खटकतच होतं आणि कळेना काय, तीनचारदा बघितल्यावर ट्यूब पेटली की जे डोळ्यांना दिसतंय तेच मी कानात सांगतोय. रस लाल आहे हे सांगायला माझी गरजच नाही.

मग आवाज बंद करून क्लिप बघितली आणि स्वतःला विचारलं, यात काय दिसत नाही? दिसत नाही तो वेळ. मे संपत आलाय, पाऊस कधीही येईल, ही घाई दिसत नाही. म्हणून वाक्य झालं: "रातांबा पिकतो मे महिन्यात. पहिल्या पावसाच्या आत सगळं आटपायचं." नऊ शब्द, साडेचार सेकंद. पहिलं दीड सेकंद नुसता पचक्, मग वाक्य, मग दोन सेकंद शांत. चित्र आधी, शब्द मागून. शब्द आधी आला की बघणारा ऐकण्यातच अडकतो आणि रस ओघळून जातो.

[दृश्य: सुपात सोलं, जवळून. काळपट लाल.]

आता अडचण. सोलं एकदा वाळवून होत नाहीत. मीठ लावायचं, वाळवायचं, परत रसात भिजवायचं, परत उन्हात, असं काही वेळा केल्यावर तो काळपट रंग आणि आंबटपणा धरतो. या भिजवण्याची एकही क्लिप नाही. त्या दिवशी आभाळ भरून आलं, सगळ्याजणी वाळवण आत ओढायला धावल्या, मोबाईल कोण धरणार.

आधीच्या फोडण्याच्या क्लिपवरच भिजवण्याचं वाक्य टाकायचा मोह झाला होता, पण मग कानाला एक आणि डोळ्याला दुसरंच, आणि बघणारा दोन्ही सोडून देतो. जे शूट झालं नाही ते त्याच्या परिणामावर बोलायचं. या सुपाच्या शॉटवर, 9 सेकंदांच्या: "हा काळा रंग एका उन्हात येत नाही. वाळवायचं, रसात भिजवायचं, परत वाळवायचं." बारा शब्द, सहा सेकंद. डोळे काळ्या रंगावरच असतात, म्हणून शब्द खरे वाटतात.

एक वाक्य मात्र काढूनच टाकलं. पित्त, ॲसिडिटी सगळं बरं करतं असं गटाला हवं होतं. घराघरात तसं म्हणतात, पण खाण्याच्या वस्तूच्या जाहिरातीत आजार बरा होतो असा दावा अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांत चालत नाही. शिवाय त्याच्यासाठी क्लिपही नव्हती.

[दृश्य: काकू ओट्याशी. नारळाचं दूध, वर आगळाची धार.]

ही क्लिप 19. नारळाच्या दुधात आगळ पडतं, पांढऱ्यावर गुलाबी पसरतं, 11 सेकंद. इथे माझं एक लांबलचक वाक्य होतं, चव, परंपरा, आजीच्या हातची आठवण, सगळं. काकूंनी एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "तू सारखो बोलत रवलस तर माणसांनी बघूचा कधी?"

त्या शॉटवर आता पाच शब्द आहेत, पहिल्या पाच सेकंदांतच: "दुपारच्या जेवणात एवढीशी वाटी पुरते." पुढची 6 सेकंदं गप्प.

[दृश्य: खोली, पंखा बंद, दोरीवर गोधड्या.]

रेकॉर्डिंग इथेच. गोधड्या आवाज शोषून घेतात. कौलांवर पावसाचा जोर असेपर्यंत थांबलो, मग प्रत्येक शॉटचं वाक्य वेगळं रेकॉर्ड केलं, म्हणजे एक चुकलं तर सगळं परत नको. टाइमलाइनवर ठेवल्यावर तरी दोन ठिकाणी सेकंदभर पुढे गेलोच. जोरात वाचून नाही भरून काढलं, शब्द कापले. "खरंच", "अगदी" हे आधी गेले.

प्रोमो गेला, पुण्यामुंबईहून फोन आले, उरलेल्या बाटल्या गणपतीआधी संपल्या.

[दृश्य: प्रोमोमधली क्लिप 19 पूर्ण. निवेदन नाही. डाव वाटीला लागल्याचा आवाज.]