दहा दिवसांची आरास: खरी फुलं कुठं, कृत्रिम कुठं?

नमस्कार श्रोतेहो. आरास एका दिवसाची असेल, तर खुशाल खरी फुलं लावा. प्रश्न येतो तो ती दहा दिवस टिकवायची असते तेव्हा.

एक कमान धरू. तिला २० फूट माळ लागते. ओवलेल्या झेंडूला देठ नसतो, म्हणजे पाणी मिळायची वाटच बंद. दोन-तीन दिवसांत फूल मलूल होतं, पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात. मग पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी नवी माळ हवी. म्हणजे खरेदी २० नव्हे, ८० फुटांची. हिशेबात धरायचा तो हा आकडा. कृत्रिम माळ फुटाला चौपट महाग असली, तरी पहिल्याच उत्सवात खर्च बरोबरीत येतो. आठपट असली, तर दुसऱ्या उत्सवात. अट एकच: ती दुसऱ्या वेळी लावण्याजोगी राहिली पाहिजे.

बहुतेक माळा इथंच वाया जातात. ओलसर असताना पिशवीत कोंबल्या, की चुरगळतात आणि कुबट वास धरतात. पाकळ्या पुष्कळदा गरम गोंदाने चिकटवलेल्या असतात, म्हणून कढत पाण्यात धुतल्या तर सुटून येतात. कोमट साबणाच्या पाण्यात हलकेच बुचकळा, सावलीत पूर्ण वाळवा आणि खोक्यात सैल वेटोळी करून ठेवा. उन्हात टांगल्या तर रंग विटतो. विकत घेतानाच ओल्या पांढऱ्या फडक्याने एक पाकळी पुसून पाहा; फडक्याला रंग लागला, तर ती माळ फिक्या पडद्यावर डाग पाडणार.

दिसण्याचं काय? प्लास्टिकची पाकळी दिव्याखाली चकाकते आणि लगेच ओळखू येते. कापडी पाकळी प्रकाश विखुरते, चकाकत नाही, त्यामुळे उंचावर, सात-आठ फुटांपलीकडे ती सहज खपून जाते. जवळून मात्र सगळी फुलं एकाच साच्यातली दिसतात, आणि सुगंध तर नाहीच.

म्हणून आमचं मत मिश्र आरास करावी असंच आहे. त्याच कमानीवर वरचे १६ फूट कापडी माळ लावा आणि डोळ्यांच्या पातळीवर, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट खरी. चार वेळा बदलूनही खरी माळ १६ फूटच लागते, ८० नाही. खालच्या बाजूला शेवंती किंवा गुलाब देठासह पाण्यात ठेवा. देठ तिरका कापा, पाण्याखाली जाणारी पानं काढा, पाणी एक दिवसाआड बदला. पानं पाण्यात कुजली, की देठाचं तोंड बुजतं आणि पाणी असूनही फूल मान टाकतं.

दोन जागा जपायच्या. पिकलेल्या फळांच्या टोपलीजवळ खरी फुलं ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर कोमेजतात. आणि ज्योतीजवळ कृत्रिम फूल कधीच नको. ते वितळतं, पेटतं आणि वितळलेले थेंब खाली पडून आग पसरते.