दरड कोसळली किती वाजता?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला दिसतंय. ठेवा, माझा विषयही घड्याळाचाच आहे. पत्रिकेत ‘घाटरस्त्यांवरील दरडींसाठी पावसाची उंबरठा-मर्यादा’ असं भारदस्त शीर्षक छापलंय. किती मिलिमीटर पाऊस झाला की फाटक लावायचं, एवढाच त्याचा अर्थ. बोलणार आहे ते उथळ दरडींबद्दल. कातळावर बसलेला मीटर-दीड मीटर मातीचा थर पावसात सुटून खाली येतो, त्या. अख्खा डोंगर सरकतो ते प्रकरण वेगळं.

आधी एक तक्रार. ती तीस वर्षं मनात आहे, त्यामुळे जरा लांबेल.

उंबरठा काढायची रीत तुम्हाला माहीत आहे. जुन्या दरडी घ्यायच्या. प्रत्येकीच्या आधी पाऊस किती तास पडला आणि तासाला सरासरी किती पडला, हे आलेखावर मांडायचं. दरड आणणाऱ्या पावसांच्या ठिपक्यांखालून एक रेषा ओढायची. नेल केन यांनी १९८० साली जगभरातल्या ७३ घटना घेऊन अशी रेषा काढली, ती आजही पाठ्यपुस्तकात आहे. तिच्यानुसार सहा तासांच्या पावसाला तासाला साधारण ७.४ मिमी हा उंबरठा, बारा तासांच्या पावसाला ५.६. पाऊस जितका लांबेल तितका कमी जोर पुरतो. इथपर्यंत ठीक.

आता मला सांगा, दरड कोसळली किती वाजता, हे कोणाला माहीत असतं?

एका घाटाच्या नोंदी माझ्याकडे आल्या होत्या. एका पानावर लिहिलेलं, ‘दरड, सकाळी ७.००’. पुढचं पान, ‘दरड, सकाळी ७.००’. तिसरं पान, तेच. मी म्हटलं, हा डोंगर मोठा वक्तशीर दिसतो! (हशा) मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, सातला आमची पाळी सुरू होते. आम्ही जातो, बघतो, लिहितो.” त्याचं काही चुकलं नव्हतं. नोंदवही राडारोडा उचलल्याच्या हिशेबासाठी होती, जेसीबीचे तास लिहायला. शास्त्रासाठी ती कोणी ठेवलीच नव्हती. आम्ही शहाण्यांनी मात्र ती वेळ उचलली आणि आलेखावर मांडली.

त्यातली एक दरड मला सापडली, कारण तिच्याबरोबर विजेचा खांब गेला होता. खांब पडला की लाइन ट्रिप होते आणि उपकेंद्रात वेळ लिहिली जाते. वेळ होती रात्री एक वाजून पाच मिनिटं. पाऊस संध्याकाळी सातला सुरू झालेला. एक वाजेपर्यंत ९० मिमी, म्हणजे सहा तासांत तासाला १५. त्यानंतर सकाळपर्यंत नुसती भुरभुर, आणखी ६ मिमी. नोंदवहीवर विश्वास ठेवला तर तीच दरड होते ९६ मिमी, बारा तास, तासाला ८. डोंगर तोच आणि पाऊसही तोच. पण खरा ठिपका केनच्या रेषेच्या दुप्पट उंचीवर बसतो आणि नोंदवहीतला जेमतेम दीडपट.

असे वीस-पंचवीस ठिपके खाली घसरले की रेषाही त्यांच्यामागे खाली येते. मग दर दुसऱ्या सरीला इशारा सुटतो. दोन पावसाळ्यांत फाटकावरचा माणूस इशारा ऐकायचा बंद होतो. लांडगा आला रे आला! चूक लांडग्याची नाही आणि पोराचीही नाही, ती सात वाजताच्या पाळीची आहे. (हशा) म्हणून जुन्या नोंदी हाती आल्या की मी आधी वेळांचा रकाना पाहतो. दरडी पाळी सुरू व्हायच्या वेळेलाच गर्दी करत असतील, तर वही बाजूला ठेवून खांब, एसटीच्या फेऱ्या, टोलच्या पावत्या, जे मिळेल ते शोधायला लागतो.

शिवाय पर्जन्यमापक असतो पायथ्याशी, विश्रामगृहाच्या अंगणात, कारण तिथे तो वाचायला सोपं जातं. दरड येते माथ्यावरून. ते प्रकरण काढलं तर अध्यक्ष उठून उभे राहतील... चिठ्ठी आलीच! दहा मिनिटं. बरं, वचन दिलेला मुद्दा आता पळत पळत.

पाऊस स्वतः दरड पाडत नाही. पाडतं ते मातीच्या तळाशी, कातळावर साठलेलं पाणी. ते कणांना आतून उचलून धरतं आणि घर्षण कमी करतं. एक उतार घेऊ. ३५ अंशांचा, वर १.२ मीटर माती, घर्षणकोन ३३ अंश. उतार घर्षणकोनापेक्षा जास्त, म्हणजे नुसत्या घर्षणावर ही माती तिथे थांबायलाच नको. ती थांबते मुळांच्या पकडीमुळे आणि अर्धवट ओल्या मातीत कणांना धरून ठेवणाऱ्या ओढीमुळे. ही पकड ४ किलोपास्कल धरली तर सुरक्षा गुणांक १.३ येतो. आता तळाशी पाणी चढवत न्या. पाऊण मीटरला गुणांक एकवर येतो आणि माती सुटते. रस्त्याच्या कटिंगने मुळं तोडली, भिजून ओढही गेली आणि पकड अडीचवर आली, तर ४० सेंटीमीटर पाणी पुरतं.

याचा मिलिमीटरात हिशेब करा. मातीतल्या रिकाम्या पोकळ्या १५ टक्के असतील तर पाऊण मीटर पाणी चढायला सुमारे ११५ मिमी मुरावं लागतं. आधीच्या आठवड्यात माती भिजून पोकळ्या निम्म्या भरल्या असतील तर ५७ पुरतात. वरून येणारं आणि उतारावरून निथळून जाणारं पाणी मी सोडून दिलंय, वेळ नाही. मोरी तुंबून वरच्या वळणाचं सगळं पाणी एका जागी उतरलं तर हा हिशेबही मोडतो. तिथे पर्जन्यमापकाने दाखवलेल्या पावसाच्या कितीतरी पट पाणी मातीत जातं.

म्हणून एकाच आकड्याचा उंबरठा मला पटत नाही. सिएटलसाठी केलेला नियम पाहा. शेवटच्या तीन दिवसांचा पाऊस एका बाजूला, त्याआधीच्या पंधरा दिवसांचा दुसऱ्या बाजूला. पंधरा दिवस कोरडे गेले असतील तर तीन दिवसांत ८९ मिमी लागतात. त्या पंधरा दिवसांत ५० मिमी पडला असेल तर ५५ पुरतात. आकडे त्या मातीचे आहेत, उचलून आपल्या घाटाला लावू नका. उचलायची ती रीत.

जपानमध्ये तासाभराच्या पावसाबरोबर मातीतल्या पाण्याचा निर्देशांक पाहतात. एकाखाली एक तीन टाक्या, प्रत्येकीला गळती, असं ते गणित आहे. त्याचा फायदा सर ओसरल्यावर कळतो. पाऊस थांबतो तेव्हा तासाचा आकडा शून्य होतो, पण टाक्या भरलेल्याच असतात आणि वरच्या उतारावरचं पाणी अजून खाली येत असतं. आपल्याकडे फाटक कधी लावायचं यावर सगळ्या बैठका होतात. ते उघडायचं कधी, हे मात्र आभाळाकडे बघून ठरतं. त्या टाकीतली पातळी उतरेपर्यंत थांबायचं, किंवा कटिंगच्या वर मीटरभर खोल नळी पुरून त्यातलं पाणी मोजायचं. नळी कुठे पुरायची तेही सांगणार होतो, पण अध्यक्षांनी घड्याळ परत मनगटावर बांधलंय.